पाळणा आधी, आरसा नंतर

‘दोन्ही याद्यांतील दोन हजार एकशे चौदा शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच क्रमाने आहेत. विभागप्रमुखांची यादी तीन आठवडे आधी छापली गेली आहे. सबब साहाय्यक संशोधिकेने ती उचलली, हे सिद्ध होते.’

चौकशी समितीच्या प्राथमिक अहवालातील या तीन वाक्यांपैकी पहिली दोन खरी होती. घात केला तो तिसऱ्यातल्या ‘सबब’ने. कोशविभागाचा नियम जुना आणि स्पष्ट आहे: जो शब्द अधिक वेळा येतो तो वर, दोन शब्दांची संख्या समान असेल, तर मजकुरात जो आधी आला तो आधी. या नियमात मोजणाऱ्याच्या मर्जीला तसूभरही जागा नाही. एकच मजकूर दोन प्रामाणिक माणसांनी मोजला, तर दोन्ही याद्या तंतोतंत जुळायलाच हव्यात. दोघांनी एकच खोली मोजली आणि लांबी सारखी भरली, म्हणून दुसऱ्याने पहिल्याची फूटपट्टी चोरली असे कोणी म्हणत नाही. समितीने म्हटले, आणि त्यावर शिक्काही मारला.

मजकूर होता एका सुईणीच्या वहीचा. शिवण उसवलेली, ब्याण्णव सुटी पाने, प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिनेच शाईने घातलेला आकडा. संशोधिकेने ग्रंथालयात त्या पानांचे फोटो काढले, घरी छापून घेतले, शब्दन् शब्द टंकला, संगणकाकडून यादी लावून घेतली आणि शिरस्त्याप्रमाणे पाकिटात घालून तपासणीसाठी प्रमुखांच्या टेबलावर ठेवली. त्यानंतर महिनाभराने विभागाच्या नियतकालिकात प्रमुखांची यादी आली. प्रस्तावनेत लिहिले होते: ‘मूळ वही समोर ठेवून, पानामागून पान.’ तीन आठवड्यांनी संशोधिकेचा प्रबंध दाखल झाला आणि चोर ती ठरली. गुरुवारी अकरा वाजता अंतिम सुनावणी होती. निर्णय विरुद्ध गेला, तर नोंदणी रद्द, नोकरी रद्द आणि चार वर्षांचे काम दुसऱ्याच्या नावावर.

बुधवारी दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर यादी पसरून बसली होती. धाकटी बहीण, प्रसूतिकक्षातली परिचारिका, पाळी संपवून आली आणि चहाचा कप घेऊन शेवटचे कागद चाळू लागली. यादीच्या शेपटात एकदाच आलेले शब्द असतात. त्या सगळ्यांची संख्या एकच, म्हणून ते वहीत ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने उभे राहतात.

“ताई, ही यादी कसली, ही तर गोष्टच आहे की!”

“कप कागदांवर ठेवू नकोस.”

“नाही ठेवत, बाई. पण तुझी सुईण जरा वेंधळी होती हं. हे बघ: शुद्धीवर, हुंकार, निर्धास्त. आणि मग खाली: पायाळू, मूर्च्छा, थंडगार. म्हणजे बाई आधी शुद्धीवर आली आणि मग बेशुद्ध पडली? आमच्या वॉर्डात असं लिहिणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवतात.”

संशोधिकेने कागद हिसकावून घेतला. चार वर्षे ती हे शब्द मोजत होती. वाचले एकदाही नव्हते.

ती तडक ग्रंथालयात गेली. ग्रंथपाल काकांनी फडक्यात बांधलेली वही काढून दिली. एकतिसावे पान: बाळ पायाळू, आईला मूर्च्छा, नाकाशी धरलेला आरसा. पानाच्या तळाशी वाक्य अर्धेच तुटत होते. ते पुरे होत होते बत्तिसाव्या पानाच्या माथ्यावर, जिथे आई शुद्धीवर आली आणि पाळणा पुढे ओढला गेला. तिच्या छापील कागदांत बत्तिसावे आधी होते आणि एकतिसावे नंतर. फोटो काढताना पाने उलटसुलट ठेवली गेली होती. कोपरे चौकटीबाहेर राहिल्याने आकडे कापले गेले होते.

“काका, मीच चुकले.”

“मग रडतेस की हसतेस, ते तरी सांग.”

“शब्दांचे आकडे बरोबर आहेत. पानं मागंपुढं झाली म्हणून कुठल्या शब्दाची संख्या बदलत नाही. बदलतो तो फक्त समान संख्येच्या शब्दांचा क्रम.”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “आणि साहेबांच्या यादीत?”

तिने नियतकालिकाचा अंक उघडला. ‘आरसा’ सहा वेळा, ‘पाळणा’ सहा वेळा. वहीत आरसा आधी येतो. छापील यादीत पाळणा आधी होता.

“उद्या ही वही घेऊन येतो,” काका म्हणाले. “तू मात्र त्यांना आधी बोलू दे. पुरतं बोलू दे.”

गुरुवारी समितीच्या खोलीतला पंखा कुरकुरत होता. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. प्रमुख पाय लांब करून बसले होते.

“बाई, तुम्हाला काय म्हणायचंय?” अध्यक्षबाईंनी विचारले.

“सरांना दोनच प्रश्न. सर, मी ठेवलेलं पाकीट तुम्ही उघडलं होतं?”

“त्याला हातही लावला नाही. पोराबाळांच्या चुका तपासायला मला वेळ कुठाय?”

“आणि तुम्ही मोजलंत ते मूळ वहीवरून? आकड्यांप्रमाणे, पान एक ते ब्याण्णव?”

“प्रस्तावना वाचता येते ना तुम्हाला? पानामागून पान.”

“लिहून घ्या,” ती लेखनिकाला म्हणाली. पुढचे वाक्य तिचा स्वतःचाच प्रबंध पाडणार होते. “माझी यादी चुकीची आहे.”

प्रमुख हसले. “घ्या! संपलं की.”

“पान बत्तीस मी एकतीसच्या आधी मोजलं. म्हणून पाळणा आरशाच्या आधी गेला. एकदाच आलेल्या शब्दांत बत्तीसचे तेवीस शब्द एकतीसच्या एकोणीस शब्दांच्या पुढे गेले. ही चूक वहीत नाही. ती फक्त माझ्या घरी छापलेल्या कागदांत आहे. आणि सरांच्या यादीत.”

काकांनी वही अध्यक्षबाईंसमोर ठेवली. त्यांनी एकतिसावे पान वाचले, उलटले, बत्तिसावे वाचले. मग छापील यादीवर बोट ठेवून एकेक शब्द खाली उतरत गेल्या. तेवीस झाले. एकोणीस झाले.

“आकडे तर बरोबर आहेत ना!” प्रमुख म्हणाले. “क्रम म्हणजे काय, तांत्रिक बाब.”

“याच तांत्रिक बाबीवर आम्ही या बाईंना चोर ठरवलं होतं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “वही समोर होती म्हणता. मग ही मूर्च्छा शुद्धीनंतर कशी आली?”

प्रमुखांनी पाय आत घेतले. पाण्याचा पेला उचलला, न पिता ठेवला. समान संख्येचे शब्द त्यांनी अकारविल्हे लावले असते, तर आरसा आपोआप वर गेला असता, शेपटातली गोष्ट विस्कटली असती आणि चोरीचा मागमूस उरला नसता. पण त्यासाठी यादी निदान एकदा हाताळावी लागली असती.

“उत्तर द्या. शब्दशः नोंदवलं जाईल.”

इतिवृत्तात ते असे नोंदले आहे:

“पाकीट मी उघडलं होतं. वही मी पाहिलेली नाही. शब्द मोजून झालेले होते, म्हणून यादी होती तशीच छापायला दिली. बेरजा तेवढ्या तपासल्या. क्रम कुणी वाचेल, असं मला वाटलं नव्हतं.”