अर्ध्या टक्क्याची हौस

माझा स्वभाव तसा खोदून विचारायचा. माझ्या पार्लरमध्ये केस कापायला बसलेल्या बाईची अर्धी कुंडली मला फेशियलच्या आधीच कळते. त्यामुळे मी आणि नवरा गुंतवणुकीच्या सल्लागार बाईंकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी गप्प बसणार नव्हते हे उघड होतं. पण प्रश्न त्याच विचारत होत्या आणि तेही भलतेच.

आमचं काम साधं होतं. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. सासऱ्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. दवाखान्याशिवाय ते वर्षभर खाली उतरलेच नव्हते. दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांच्या चालीवर शेरे मारायचे. तळमजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई तीन वर्षांनी निवृत्त होऊन मुलाकडे जाणार होत्या. त्यांनी जागा आम्हाला द्यायचं कबूल केलं, भावही लिहून दिला. वर म्हणाल्या, "पण तारीख माझी. त्या महिन्यात पंधरा लाख हातात आले नाहीत, तर मी दुसऱ्याला देणार." बाकीचं कर्ज काढायचं होतं, पण हे पंधरा आमचे आम्हाला उभे करायचे होते.

माझा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. तिथे मालक दिवसभर शेअरबाजार ऐकवतो, त्यामुळे ह्यांच्याही अंगात आलेलं. सल्लागार बाईंना ह्यांनी पहिलंच विचारलं, "तीन वर्षांत जास्तीत जास्त किती मिळेल?"

बाई म्हणाल्या, "आधी बघू, कमीत कमी किती लागेल."

त्यांनी कागद ओढला. हातात सहा लाख होते आणि महिन्याला बावीस हजार बाजूला पडणार होते. छत्तीस महिने नुसते गादीखाली ठेवले असते तरी तेरा लाख ब्याण्णव हजार झाले असते. राहिले एक लाख आठ हजार. एवढं मिळायला वर्षाला साडेतीन टक्के पुरे होते.

मी चकित झाले. मला वाटत होतं, आपण डोंगर चढायला निघालोय. इथे तर टेकाड निघालं.

"मग शेअर कशाला?" मी म्हटलं.

"कशालाच नाही. शेअरला पडून परत उठायला वेळ लागतो. तुमच्याकडे तो नाही. शेवटच्या वर्षी बाजार वीस-तीस टक्के आपटला, तर त्या बाई थांबतील का?"

"त्या वर्गात उशिरा आलेल्या मुलालाही आत घेत नाहीत," हे पुटपुटले.

ठरलं असं. सहा लाखांच्या दीड-दीड लाखाच्या चार ठेवी करायच्या. दरमहा बावीस हजारांचं आवर्ती खातं. दवाखान्याचे पैसे वेगळे, त्यांना हात लावायचा नाही. आणि सगळं तारखेच्या एक महिना आधी हातात यायला हवं. घरी येईपर्यंत मी ह्यांना टोमणे मारत होते. "उंटावरचे शहाणे, निघाले होते बाजारात." हे बिचारे ऐकून घेत होते. तीन ठेवी ह्यांनी केल्या. चौथी मी केली, कारण त्या दिवशी ह्यांना सुट्टी नव्हती.

वर्षभराने सल्लागार बाईंनी पावत्या घेऊन बोलावलं. मला वाटलं, शाबासकी द्यायला बोलावलंय. त्यांनी रक्कम बघितली नाही, व्याजही बघितलं नाही. प्रत्येक पावतीवरच्या मुदत संपायच्या तारखेवर बोट ठेवत गेल्या. चौथ्या पावतीवर बोट थांबलं.

"ही कोणी केली?"

"मी," मी ऐटीत म्हणाले. "अर्धा टक्का जास्त आहे. शिवाय कर वाचतो."

"आणि पाच वर्षांची आहे. मध्ये मोडता येत नाही. हिच्यावर कर्जही मिळत नाही."

बँकेतल्या माणसाने हे सगळं सांगितलं होतं की. मी अर्ध्या टक्क्याशी थांबले होते. पुढचं कानावर पडलं, डोक्यात शिरलं नाही. ठेव म्हणजे सुरक्षित, एवढं मला पक्कं माहीत होतं. सुरक्षित होतीच. पण आमच्या तारखेनंतर दोन वर्षांनी मिळणार होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल माझा होता.

बाईंनी नवा हिशोब मांडला. ही ठेव सोडून, व्याजावरचा कर वजा जाता, तारखेला तेरा लाख ऐंशी हजारांच्या आसपास जमणार होते. एक लाख वीस हजार कमी.

आणि मग मी जे म्हटलं, त्याची मला आजही लाज वाटते. "मग थोडे शेअरमध्ये टाकू या. दोन वर्षांत भरून निघेल."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. टोमणा मारायची अशी संधी त्यांना उभ्या जन्मात मिळाली नव्हती. पण ते काही बोलले नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला.

"मागच्या वर्षी नको होते, ते आज का हवेत?" सल्लागार बाईंनी विचारलं. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

मी विचार केला. बाजार तोच होता, तारीख तीच होती. "चूक माझी आहे म्हणून," मी म्हणाले. "ती बाजाराने निस्तरावी असं वाटतंय."

"बाजाराला तुमची चूक माहीत नाही. चोवीस महिने आहेत. महिन्याला पाच हजार जास्त टाका."

पाच हजार. पार्लर सोमवारी बंद असतं.

घरी आल्यावर सासऱ्यांना सांगणं भाग होतं. पैसे कमी पडतायत हे त्यांना खिडकीत बसूनही कळलं असतं. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी पावती डोळ्यांजवळ धरून वाचली.

"पाच वर्षं होय. मग थांबू की," ते म्हणाले. "मी कुठे पळून चाललोय?"

आत जाऊन मी ओट्याशी उभी राहून रडले. दुसऱ्या सोमवारपासून पार्लर उघडं ठेवलं. पाय दुखायचे, मी गिऱ्हाइकांवर खेकसायचे. नवरा दर सोमवारी डबा घेऊन यायचा आणि कापलेले केस झाडून काढायचा. त्या दोन वर्षांत बाजार काही पडला नाही, उलट वरच गेला. चष्म्याच्या मालकाने गाडी घेतली. मला चुटपुट लागली नाही असं म्हणणार नाही. लागली.

ठरलेल्या महिन्यात पंधरा लाख दिले, वर तीन-चार हजार उरले. खालच्या बाईंनी किल्ली देताना सही दोनदा तपासली.

सासऱ्यांना दोघांनी धरून उतरवायला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आले, तर दार उघडं आणि आत कोणी नाही. काठीही नाही. गल्लीत धावले, कोपऱ्यावर गेले. तिथे ते भिंतीला टेकून उभे होते, घामाघूम.

"बाबा, कुठे निघाला होतात?" मी ओरडलेच.

"कुठेच नाही," ते म्हणाले. "कुणाला न विचारता निघालो होतो."

मग त्यांनी विचारलं, "आणखी पुढे जाऊ का?"

"जा," मी म्हटलं, आणि तिथेच थांबले.