मोगऱ्याचा जानेवारी

हेमांगीबाई बाजारातून आल्या तेव्हा गॅलरीत बाळ मास्तर कात्री घेऊन बसले होते. समोर मोगऱ्याच्या चारही कुंड्या बोडक्या झालेल्या, आणि लादीवर कळ्यांनी लगडलेल्या फांद्यांचा ढीग.

"अहो, हे काय केलंत?"

"छाटणी," मास्तर म्हणाले. "जानेवारीत पाणी तोडायचं, फांद्या निम्म्या करायच्या, पानं ओरबाडायची. मग खत. लिहिलंय ना तिथे."

लिहिलं होतं खरं. दाराच्या मागे पुठ्ठ्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरातलं बारा महिन्यांचं वेळापत्रक लटकत होतं. कुठल्या झाडाला कधी पाणी, कधी छाटणी, कधी खत. वीस वर्षं त्यात चूक निघाली नव्हती. आताही नव्हती. फक्त हा एप्रिल होता.

हेमांगीबाई आत गेल्या. पिशवी ठेवली, झाडू घेतला. दोन वर्षांपूर्वी त्या बोलायच्या, समजवायच्या, एखादेवेळी रडायच्याही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हापासून एकेक करून ते सगळं सुटलं होतं.

छाटणीचं एक वेळ ठीक, ती वर्षातून कधीतरी. पाणी रोजचं होतं. सकाळी घातलेलं मास्तरांना नऊ वाजता आठवत नसे. ते पुन्हा झारी भरत, जेवल्यावर पुन्हा, चहानंतर पुन्हा. गुलाबाची पानं पिवळी पडून गळत होती. अडेनियमचा फुगीर बुंधा दाबला की बोट आत जाई. हेमांगीबाईंनी पाणी दिल्याची खूण करायला वही टांगली. मास्तर खूण करत आणि पुन्हा झारी भरत. झारी लपवली, तर दिवसभर घर धुंडाळत राहिले. संध्याकाळी न्हाणीघराच्या दारात ते कावरेबावरे उभे दिसले, तेव्हा हेमांगीबाईंनी झारी काढून हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना शेजारच्या अपेक्षाकडे बसवून त्या रोह्याच्या पुलापलीकडे सखाच्या रोपवाटिकेत गेल्या. सखा मास्तरांचाच विद्यार्थी.

"मोगऱ्याचं टेन्शन नको, बाई," तो म्हणाला. "उन्हाळ्यात छाटला तरी फुटतो तो. शेणखत द्या, शेंगदाण्याची पेंड चार दिवस भिजवून ते पाणी पातळ करून घाला. महिना-दीड महिन्यात कळी दिसेल."

"आणि पाण्याचं? दिवसातून पाच वेळा घालतात रे. थांबवलं तर कासावीस होतात."

सखाने बराच वेळ हातातली माती चोळली. "मग त्यांना थांबवू नका. झाडं बदला. अळू लावा, कर्दळ, ब्राह्मी. चिखलात वाढणारी हायत ती, कितीबी पाणी घाला. टबाला भोक तेवढं ठेवा, साचलं की डास होतील."

इतकी साधी गोष्ट आपल्याला दोन वर्षांत सुचली नाही, याचं हेमांगीबाईंना वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायलाही ताकद लागते. त्यांनी अळूचे सहा कांदे, कर्दळीचे चार आणि ब्राह्मीचा एक ट्रे घेतला आणि रिक्षा केली.

अळू-कर्दळ गॅलरीतल्या टबांत लागली, आणि मोगरा-गुलाबाच्या जुन्या कुंड्या अपेक्षाने हौसेने नेल्या. "पण काकी, मला यातलं काय कळत नाय. काकांचं वेळापत्रक उतरवून द्याल?"

दुपारी हेमांगीबाई पुठ्ठा मांडीवर घेऊन लिहायला बसल्या. जून ते सप्टेंबर : खत बंद, पावसात वाहून जातं. कुंडीखालच्या बशा काढा. स्लॅबखालच्या कुंड्यांना पाऊस लागत नाही, मातीत बोट खुपसून बघा, कोरडी असेल तर पाणी. थंडीत अडेनियमला पाणी जवळजवळ बंद. वीस वर्षं त्या या दारातून ये-जा करत होत्या आणि आज पहिल्यांदा हे वाचत होत्या.

"अहो, गुलाब ऑक्टोबरातच का छाटायचा? पावसाआधी का नाही?"

मास्तर खुर्चीत होते. ते ताठ बसले. मग त्यांचा वर्गातला आवाज आला. "कापलेल्या जागी पावसाचं पाणी मुरतं. फांदी वरून काळी पडत खाली येते. पाऊस संपू द्यावा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे फुटव्याची जागा बघावी, त्याच्या जरा वर तिरका काप. मग शेणखत, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा."

हेमांगीबाईंनी शब्द न् शब्द उतरवला. आणखी विचारावं, अजून थोडा वेळ हे बोलत राहावेत, असं त्यांना वाटलं. पण मास्तर उठले होते.

"झाडांना पाणी घालायचं राहिलंच," ते म्हणाले.

सकाळपासूनची ही चौथी वेळ. हेमांगीबाईंचे पाय सवयीने उठायला लागले, आणि मग त्यांनी ते परत खाली टेकवले. गॅलरीत अळूच्या टबात पाणी पडल्याचा आवाज आला. त्यांनी पुठ्ठा बाजूला ठेवला, भिंतीला डोकं टेकलं, आणि बसल्या जागी त्यांचा डोळा लागला.