शेवटचा आठ

वसमतच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात मी फोटो तपासते. विकणारे व्हॉट्सॲपवर नंबरप्लेट आणि आरसीचे फोटो पाठवतात. त्यात गडबड दिसली की मी मालक कलीमभाईंना सांगते. दुकान बंद होईस्तोवर डोंगरकड्याची शेवटची बस निघून गेलेली असते. म्हणून मी इथं खोलीवर, आणि माझी कोमल तिकडं माझ्या मायजवळ. भेट फक्त रविवारी.

म्हणून तर स्कूटी हवी होती. रोज रात्री लेकराला कुशीत घेऊन निजता यावं, एवढ्यासाठीच.

त्या दुपारी एका निळ्या स्कूटीचे फोटो आले. माझ्या ऐपतीतली.

"बघ शिवकन्याताई, तुझ्या नशिबाची हाय," कलीमभाई म्हणाले. "सरकारी ॲपवर नंबर टाकला. मॉडेल, रंग, सगळं बराबर."

मी आधी सीटपुढची जागा पाहिली. कोमल उभी राहील एवढी होती. मग प्लेट मोठी केली.

आपल्या हिंगोलीच्या गाडीवर ३८ असतंच, त्यामुळं खरा आठ शोधायला लांब जावं लागत नाही. या नंबरच्या शेवटीही आठ होता. ऊन डावीकडून पडलेलं, उठावाच्या सगळ्या आकड्यांना उजवीकडं बारीक सावली. शेवटच्या आठाला सावलीच नाही. त्याचं वरचं पोटही पहिल्या आठापेक्षा लहान. बाकीचे आकडे धुळीनं माखलेले, हा मात्र आंघोळ करून आलेला.

फोन उपडा ठेवला. पुन्हा उचलला. कॅमेऱ्याचा दोष असेल, म्हणत आरसी उघडली. कार्डावर ट्यूबलाईटची चकाकी आडवी पसरली होती, ती शेवटच्या आकड्यापाशी तुटत होती. त्याच्यामागची बारीक नक्षीही पुसट.

"काहून, काय दिसलं?" कलीमभाईंनी विचारलं.

"शेवटचा आठ मागून बसवलाय, कलीमभाई. ही चोरीची असंल. ॲपवर दिसती ती दुसरीच गाडी, अशीच निळी."

"नुस्त्या फोटोवर पक्कं न्हाई म्हणता येत."

"मग चेसिस नंबर अन् प्लेटचा व्हिडिओ मागवा."

मागवला. उत्तर आलं, 'घ्यायची तर घ्या, नाटकं नका करू.' आणि विकणाऱ्यानं आम्हाला ब्लॉकच केलं.

"दुसरी सापडंल," कलीमभाई म्हणाले. "तुझ्यासारखं वहिमी गिऱ्हाईक मात्र सापडायचं न्हाई."

मी हसले. हसू काही टिकलं नाही.

संध्याकाळी कोमलचा फोन. "मम्मी, गाडी आली? हॉर्न वाजव ना!"

कलीमभाईंनी ऐकलं. दारातल्या विकाऊ स्कूटीचा हॉर्न त्यांनीच दाबला. तिकडं कोमल टाळ्या पिटायला लागली.

"आपलीच ना, मम्मी?"

कलीमभाई डोळ्यांनी खुणावत होते, व्हय म्हण.

"न्हाई गं राणी. ही दुसऱ्याची हाय. आपली अजून यायचीय."

पलीकडं टाळ्या थांबल्या. मग हळूच, "आपली पण अशीच वाजंल का?"

"ती आली की तूच वाजवून बघ," मी म्हणाले, आणि फोन कानाला तसाच धरून तिचा श्वास ऐकत राहिले.