टेम्पोत कटिंगचं टेबल

टेम्पोवाल्याने दारातूनच सामानावर नजर फिरवली आणि मान हलवली. "काका, कपाट किंवा टेबल. दोन्ही नाही मावायचं. आणि दुपारी मला दुसरं भाडं आहे, दुसरी फेरी नाही जमणार."

"टेबल राहू दे," मास्तर लगेच म्हणाले. उभी हयात शिवणकामात गेलेला माणूस. ज्या टेबलावर निम्म्या गल्लीचे कपडे बेतले, तेच सोडायला निघाला होता. आपण लेकीकडे राहायला जातोय, त्यात तिची खोली अडवायची कशाला, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

लेक नुसती टेबलाला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा पाहून मास्तरांना राहवेना. खांद्यावरची टेप काढून ते हौद्यात चढले.

"शर्ट शिवताय का टेम्पोला?" टेम्पोवाला हसला.

"माप तर घेऊ दे!"

टेप साठ इंचांचीच, म्हणून लांबी दोनदा धरून मोजली. सात फूट. रुंदी पावणेपाच, छतापर्यंत साडेपाच. कपाट साडेसहा फूट उंच, म्हणजे उभं राहणार नाही. पाठीवर झोपवलं तर तीन फूट रुंदी खाणार. टेबलही तीन फूट रुंद. तीन आणि तीन सहा. टेम्पोवाल्याचं म्हणणं खरंच होतं.

मास्तर उतरायला वळले आणि थबकले. कपाटाची खोली दीड फूट!

"कुशीवर ठेवलं तर? दीड आणि तीन, साडेचार. तीन इंच उरतात, त्यात गोधड्या कोंबू. घासायचं नाही."

टेम्पोवाल्याने हनुवटी खाजवली. "कुशीवर उंची तीन फूट. टेबलाचीही तीनच. वरून सपाट होईल... मग गादी, पलंगाच्या फळ्या, खुर्च्या, सगळं वर. अडीच फूट आहे की अजून!"

"आणि मशीन?" लेकीने विचारलं.

"टेबलाखाली," दोघे एकदम म्हणाले.

कपाट रिकामं करून कडेला सरकवलं, मधे गोधड्या खोचल्या. टेबल अलगद आत गेलं, त्याच्या चार पायांमधे मशीन जाऊन बसलं. टेम्पोवाल्याने दोर आवळून टेबलावर थाप मारली. "हललं तर मला विचारा!"

पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीने बसले. गाडी गल्लीतून बाहेर पडल्यावर मास्तरांनी हळूच विचारलं, "तुझ्या खोलीत मावेल ना गं? अडचण व्हायला नको."

"बाबा, खोली मी गेल्या आठवड्यातच मोजलीय. खिडकीपाशी बरोबर बसतं. टेबल राहू दे म्हणालात, तेव्हा माझा जीवच खालीवर झाला."

मास्तरांनी टेप पुन्हा खांद्यावर टाकली.

"खिडकी केवढी आहे?"

"का हो?"

"पडदे नसतील लावलेस तू. तुझा आळस मला माहीत नाही का!"

लेक खळखळून हसली. "नाहीच लावले."

"रुंदी सांग," मास्तर म्हणाले.