तिसऱ्या कंप्लेंटचे फोटो

ऐक ना अक्षता, फक्त ऐक, मध्ये बोलू नको.

माझं काम तुला माहितेय ना? महापेला बसते. आमची पोरं लोकांच्या टेरेसवर सोलर पॅनेल बसवतात, फोटो टाकतात, आणि मी बघते. सावली पडतेय का, पॅनेलचा उतार बरोबर आहे का, वायरी नीट बांधल्यात का. पास, फेल, पुढचा. ऑफिसमध्ये सगळ्यांच्या कानात हेडफोन. डबा पण मी स्क्रीनसमोरच खाते. कोणाच्या गच्चीवर कुठली टाकी, कोण पापड वाळत घालतं, सगळं पाठ. पण त्यातला माणूस म्हणशील तर एकही ओळखीचा नाही.

तर परवा दिपेशचा फोन. टीम लीडर आहे. पोरगा कडक काम करतो यार, वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या टायची शेपटं पण एका लायनीत खाली वळवतो. नाव न बघता मला कळतं, हा दिपेश.

"मॅडम, जुईनगर, शिवराम काका. तिसरी कंप्लेंट. माझी टीम गेली समजा."

आमच्याकडे तसंच आहे, एका घरून तीन कंप्लेंट आल्या की टीम बंद. त्याच्या हाताखाली दोन पोरं आहेत, त्यांचं पण काम जाणार.

मी बोलले, थांब, कशाला हात लावू नको. काम संपलं तेव्हा जिथून फोटो काढलेले, तिथूनच परत काढ.

मग जुने-नवे शेजारी शेजारी लावले. पहिली कंप्लेंट होती, दुपारी वीज कमी बनते. जुन्या फोटोत कठडा मोकळा, कंप्लेंटच्या फोटोत तिथे कढीपत्त्याचा ड्रम, आणि त्याची सावली कोपऱ्यातल्या पॅनेलवर. एका पॅनेलवर सावली आली की त्या लायनीतली सगळीच मार खातात. पोरांनी ड्रम सरकवला, संपलं. दुसरी कंप्लेंट, पॅनेल वाकडं झालंय. पॅनेलवर मोबाईल ठेवून उतार मोजतात ना, तो फोटो बघितला. तेव्हा पण पंधरा अंश, आता पण पंधरा. वाकडं काहीच नव्हतं!

आणि ही तिसरी. वायरी खाली लोंबतायत, पार स्लॅबला टेकल्यात. मी झूम केलं. टाय उन्हाने कडक होऊन तुटला असता तर तोंड ओबडधोबड असतं ना? हे सगळे सरळ कापलेले. कात्रीने. आणि बांधलेले दिपेशनेच, शेपटं एका लायनीत खाली वळलेली.

मग अजून एक दिसलं. तिन्ही वेळच्या फोटोंत, कडेला, ट्रे. वर तीन कप, बशा झाकलेल्या. टीममधली पोरं तीन.

मी काकांना फोन लावला. सोलर कंपनीतून बोलते म्हटलं, माझं नाव सांगायच्या आतच ते, "पोरं कामाला लागली का नाय अजून? मी पोहे भिजवलेत. खाली येतील ना?"

"काका, मी फोटो बघितले. टाय कोणी कापले?"

त्यांनी मागचा टीव्ही बारीक केला.

"वाऱ्याने तुटले असतील, बाळा."

"काका, उन्हात त्या वायरींत करंट असतो. घरातला मेन बंद केला तरी असतो. जीव गेला असता तुमचा."

"मी सावकाश कापले," बोलले. मग एकदम हळू, "आमची पोरगी, मनस्वी, पुण्याला. तिची आई गेल्यापासून वर कोण चढतच नाय बघ. ती पोरं आली की वर खुर्च्या न्यायला लागतात."

माझ्यासमोर डबा उघडा, तसाच.

रिपोर्टमध्ये दोनच रकाने. टीमची चूक, नाहीतर ग्राहकाने छेडछाड केली. पहिलं टाकलं तर दिपेश गेला. दुसरं टाकलं तर काकांची वॉरंटी गेली, आणि रिपोर्ट मनस्वीच्या मेलवर, कारण नोंदणी तिच्या नावावर. काहीच नाही टाकलं, तर काका उद्या परत कात्री घेऊन वर.

टाकलं मी दुसरं. कापलेल्या टायचा फोटो पण जोडला. दिपेशने वायरी परत बांधल्या, पोहे खाल्ले, "थँक्यू मॅडम" टाकलं.

आज सकाळी काकांचा फोन. मनस्वीने काल येऊन गच्चीच्या दाराला कुलूप घातलंय, चावी शेजाऱ्यांकडे. ओरडले नाहीत गं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. एवढंच विचारलं, "आता तू फोटो बघशील का आमच्या गच्चीचे?"

मी बोलले, काका, कंप्लेंट नसेल तर फोटो येत नाहीत.

"हां," बोलले, आणि तसेच लायनीवर राहिले. मी पण राहिले. फोन कोणीच ठेवेना.

सांग ना, माझ्या जागी तू असतीस तर कुठला रकाना भरला असतास?