व्हायरल दिवस कुणाचा?

अम्मानमधल्या आमच्या ऑनलाइन झातर मसाल्याच्या दुकानात महिन्यातले एकोणतीस दिवस रोज चाळीस ऑर्डरी आल्या. उरलेल्या एका दिवशी कुणाचा तरी व्हिडिओ व्हायरल झाला आणि बाराशे चाळीस आल्या. पॅकिंग करणाऱ्या रुबाची बोटं सोलवटली.

बोनस ठरवताना मालक अबू निदाल मला म्हणाले, “तो दिवस सरासरीतून काढ. ते नशीब, तुमची मेहनत नव्हे.” काढला. सरासरी चाळीसवर आली आणि बोनस बुडाला.

दुपारी ते पुढच्या महिन्याचं टार्गेट ठरवायला बसले. “आता तो दिवस धर हं!” सरासरी ऐंशी झाली, तेच टार्गेट. शिसारी आली मला त्या माणसाची. दोन्ही आकडे एकाच कागदावर छापून मी रुबापुढे टाकले.

तिने वाचलं आणि ती मालकांकडे वळली. “अबू निदाल, त्या दिवसाचं काम नशिबाने केलं ना? मग टार्गेटही नशिबालाच द्या.”