पत्र्यावरची तिरपी फ्रेम

मामांचा छापखाना दोन छपरांखाली आहे. पुढे ऑफिस, त्यावर स्लॅब. मागे मशीनची शेड, तिच्यावर पत्रे. दोन्हीवर सोलर पॅनल बसवायचं काम मी घेतलं, तिथेच माझं चुकलं. घरच्या माणसाचं काम घेऊ नये.

स्लॅबवर मी एकही भोक पाडलं नाही. वॉटरप्रूफिंग नुकतंच झालं होतं, ते कशाला फोडा? तिरप्या फ्रेमखाली रबराचे तुकडे आणि वर सिमेंटचे जड ठोकळे. स्लॅब तेवढं वजन पेलेल, हे आधी तपासून घेतलं होतं. वारा पॅनलखाली शिरून ते उचलू पाहतो, कडेला आणि कोपऱ्यात जास्तच. म्हणून पॅनल कडेपासून आत घेतले आणि कोपऱ्यांवर ठोकळे वाढवले.

मामांना ते एवढं आवडलं, की म्हणाले, "शेडवरही असंच तिरपं कर. दोन्ही सारखं दिसलं पाहिजे."

"मामा, पत्र्याला ठोकळ्यांचं वजन झेपणार नाही. आणि नुसती तिरपी फ्रेम ठेवली तर वारा ती पत्र्यासकट उचलेल. तिथे पॅनल पत्र्याच्या उताराला समांतर, जवळ बसवायचे. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा आणि पत्र्याखालच्या लोखंडी पट्टीत घट्ट बसवायचा."

"उंचवट्यावर का? खाचेत सपाट जागा आहे की!"

"खाचेतून पाणी वाहतं, मामा!"

"बरं बाई, तू म्हणशील तसं."

दोन दिवस मी दुसऱ्या साइटवर होते. परत येऊन पाहते, तर मामांनी शेडवर वेल्डरकडून तिरपी फ्रेम उभी करून वर पॅनलही चढवलेले! स्क्रू सगळे खाचेत, तेही नुसत्या पत्र्यात. मी कपाळाला हात लावला.

"आजच काढा हे."

"ऑर्डर निघू दे, मग काढू. एवढी घाई कसली?"

त्याच संध्याकाळी वारा सुटला, पाठोपाठ पाऊस. मामांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाजच बदललेला होता. गेले, तर फ्रेमचा एक कोपरा स्क्रूंसकट उखडून पत्र्यावर आपटत होता. भोकांमधून पाणी थेट छापलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यांवर. वेल्डरदादा ताडपत्री धरून उभे.

"मी यांना विचारलं होतं," ते म्हणाले, "हे म्हणाले, भाची आमची जरा घाबरट आहे."

मामा भिजलेले गठ्ठे ओढून बाजूला घ्यायला लागले.

मी दोर आणायला वळले. बोलले असते तर फार बोलले असते. पाऊस थांबल्यावर फ्रेम दोरांनी बांधली, सकाळी उतरवली, भोकं पडलेले चार पत्रे बदलले. पॅनल ज्यांवर बसतात ते रेल उंचवट्यावर, प्रत्येक स्क्रू पट्टीत, खाली रबरी वॉशर आणि सीलंटची टेप. कोपऱ्यांत स्क्रू जास्त.

मग वरून अर्धा तास पाइपने पाणी सोडलं. मामा आत शेडमध्ये मान वर करून उभे होते.

"कोरडं आहे गं!" ते ओरडले. "अगदी कोरडं!"

"तिथेच थांबा," मी म्हटलं, आणि पाणी आणखी दहा मिनिटं चालू ठेवलं. गरज नव्हती. पण मामा मान वर करून उभे होते, ते मला बरं वाटत होतं.